जगदलपूरचं भाडं

(भिलाई येथील मराठी श्रोत्यांसमोर स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

ज्या शहरात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी हजेरीपटावर आहे किंवा कधीकाळी होतं, तिथे निलंबन या विषयावर बोलणं सोपंही आहे आणि अवघडही. सोपं अशासाठी, की चार्जशीट म्हणजे काय आणि चौकशी अधिकारी कोण, हे मला समजावून सांगावं लागणार नाही. अवघड अशासाठी, की तुमच्यापैकी काहींनी ते दिवस स्वतः काढले आहेत. निलंबनाचा कायदा मोठा आहे. त्यातला एकच धागा मी आज धरणार आहे. चौकशी चालू असताना माणसाला जो निर्वाह भत्ता मिळतो, इथे आपण हिंदीत ज्याला गुजारा भत्ता म्हणतो, तो वेळेवर मिळाला नाही तर त्या चौकशीचं काय होतं?

आधी एक गोंधळ दूर करतो. निलंबन दोन प्रकारचं असतं. एक शिक्षा म्हणून. दोष सिद्ध झाला, चार दिवस घरी बसा, पगार नाही. केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत अशा शिक्षेची मर्यादा एका वेळी चार दिवसांचीच होती. दुसरं निलंबन चौकशीपुरतं. त्यात दोष सिद्ध झालेला नसतो, नोकरी संपलेली नसते, मालक आणि कामगार हे नातं कायम असतं. फक्त मालक म्हणतो, तूर्त कामावर येऊ नका. भत्ता या दुसऱ्या निलंबनात मिळतो. नोकरी चालू आहे, काम घ्यायचं नाही असं मालकाने ठरवलं आहे, आणि त्या ठरवण्याची किंमत मालकाने मोजायची आहे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप समजतं.

आता जगदलपूरला जाऊ. इथून तीनेकशे किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांनी चित्रकोटचा धबधबा पाहायला जाताना तो केशकालचा घाट उतरला-चढला असेल. घनश्याम दास श्रीवास्तव हे मध्य प्रदेश सरकारच्या वनखात्यातले रेंजर. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. त्यांना निलंबित केलं गेलं आणि खातेनिहाय चौकशी लागली. चौकशी जगदलपूरला, आणि श्रीवास्तव राहत होते रीव्याला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात हे अंतर पाचशे किलोमीटर धरलं आहे. प्रत्यक्ष रस्त्याने ते त्याहून बरंच जास्त भरतं, पण पाचशेच धरू. रायपूरहून जगदलपूरला सरळ रेल्वेमार्ग आजही नाही. 1965 साली रीव्याहून तिथे पोचायचं म्हणजे मोटारी बदलत जायचं, मध्ये कुठेतरी मुक्काम, तिथे राहणं, खाणं, आणि पुढची तारीख पडली की पुन्हा तेच सगळं.

श्रीवास्तवांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी लेखी कळवलं, की मला निर्वाह भत्ता मिळालेला नाही, पैशाअभावी मी चौकशीला हजर राहू शकत नाही. चौकशी थांबली नाही. 1965 च्या फेब्रुवारीत 9, 10 आणि 11 तारखेला त्यांच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवल्या गेल्या. भत्त्याचा पहिला हप्ता त्यांच्या हाती पडला तो 20 मार्चला, म्हणजे साक्षींचा एक भाग उरकून पाच आठवडे झाल्यावर. पुढे त्यांना नोकरीतून काढलं. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली निकाल दिला, तो श्रीवास्तवांच्या बाजूने.

त्या निकालाचं तर्कशास्त्र अगदी साधं आहे, म्हणूनच ते मला आवडतं. न्यायालयाने भत्ता हा कर्मचाऱ्याच्या कल्याणाचा विषय मानला नाही. त्याने विचारलं, या माणसाकडे उत्पन्नाचं दुसरं काही साधन होतं असं दाखवणारा कागद कुठे आहे? तसा कागद सरकारकडे नव्हता. मग तो पैशाअभावी येऊ शकला नाही हे मान्य करावं लागतं. तो येऊ शकला नाही म्हणजे साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ शकला नाही. उलटतपासणी नाही म्हणजे बचावाची वाजवी संधी नाही. आणि संविधानाच्या अनुच्छेद 311 मध्ये सरकारी नोकराला ती संधी मिळालीच पाहिजे असं म्हटलं आहे. झालं. बडतर्फीचा आदेश रद्द. म्हणजे निर्वाह भत्ता नावाला पोटासाठी असला तरी कायद्याच्या नजरेत तो चौकशीला पोचायचं भाडंही आहे. भाडं दिलं नाही तर चौकशी एकतर्फीच होणार, आणि त्या एकतर्फीपणाचा दोष न येणाऱ्यावर टाकता येत नाही.

हा निकाल सरकारी नोकराचा होता. कारखान्यातल्या आणि सार्वजनिक उपक्रमातल्या लोकांसाठी तोच विचार ठसठशीतपणे आला 1999 साली, कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्या खटल्यात. ते कर्नाटकातल्या कोलारच्या भारत गोल्ड माइन्समध्ये सुरक्षा अधिकारी होते. 1985 साली त्यांच्या घरावर धाड पडली आणि साडेचार ग्रॅम सोन्याचा गोळा व सोनंमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप झाला. निलंबन झालं. पोलीस केस आणि खातेनिहाय चौकशी एकाच वेळी सुरू झाली. भत्ता मिळाला नाही, आजारपण आलं, ते केरळात गावी गेले. चौकशी एकतर्फी चालली आणि 1986 मध्ये बडतर्फी. पुढच्याच वर्षी फौजदारी न्यायालयाने त्याच पुराव्यावर त्यांना निर्दोष सोडलं. नोकरी परत मिळण्याचा आदेश यायला मात्र 1999 उजाडलं. भत्ता रोखणं म्हणजे माणसाला हळूहळू विष देण्यासारखं आहे, अशा अर्थाची भाषा न्यायालयाने वापरली. न्यायालयं इतकी भावुक भाषा क्वचित वापरतात.

पण मित्रहो, या दोन निकालांच्या आधारावर कुणी असं समजू नये, की भत्ता चुकला की चौकशी आपोआप रद्द. तसं राहिलेलं नाही. 2004 आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणांत स्पष्ट केलं, की भत्ता न मिळाल्यामुळे बचावाला प्रत्यक्ष बाधा आली, हे कर्मचाऱ्याने मांडायला आणि दाखवायला हवं. जो माणूस प्रत्येक तारखेला हजर होता, ज्याने उलटतपासण्या घेतल्या, त्याने शेवटी बडतर्फी झाल्यावर म्हणायचं की मला चार महिने भत्ता नव्हता, तर न्यायालय विचारतं, तुमचं अडलं कुठे? त्याला थकलेला भत्ता मिळेल. चौकशी मात्र टिकेल. माझ्या मते हे वळण थोडं कठोर आहे. भुकेल्या पोटी धडपडत तारखेला येणाऱ्याची बाजू त्यात न येणाऱ्यापेक्षा कमकुवत होते. पण कायदा आज असा आहे, आणि वकिलाने अशिलाला आजचाच कायदा सांगायचा असतो.

म्हणून श्रीवास्तवांचं ते पत्र इतकं महत्त्वाचं. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांकडे असं पत्र नसतं. ते सांगतात, मी पर्सोनेलमध्ये जाऊन तोंडी सांगितलं होतं, साहेबांना माहीत होतं. साहेबांना माहीत असतंच, पण ते पुढे साक्ष द्यायला येत नाहीत. पत्र दोन ठिकाणी जायला हवं, एक व्यवस्थापनाला आणि एक चौकशी अधिकाऱ्याला, आणि दोन्हींची पोच हवी. त्यात अमुक तारखेपासून भत्ता मिळालेला नाही, अमुक तारखेच्या चौकशीला येण्यासाठी पैसे नाहीत, भत्ता मिळेपर्यंत चौकशी पुढे ढकलावी, एवढंच लिहायचं. आणि हे पत्र तारखेच्या आधी पोचलं पाहिजे. तारीख गेल्यावर लिहिलेलं पत्र सबबीसारखं दिसतं.

आता किती भत्ता, हा प्रश्न. कारखान्यातल्या कामगारासाठी 1982 साली केंद्राच्या स्थायी आदेश कायद्यात कलम 10-अ आलं. पहिले 90 दिवस निलंबनाच्या लगेच आधीच्या वेतनाच्या 50 टक्के, आणि त्यानंतर, चौकशी लांबण्याचं कारण थेट कामगाराचं वागणं नसेल तर, 75 टक्के. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हेच दर ठेवले आहेत, आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. छत्तीसगडला मध्य प्रदेशकडून 1961 चा वेगळा स्थायी आदेश कायदाही वारशाने मिळाला आहे, आणि मोठ्या उपक्रमांचे स्वतःचे प्रमाणित स्थायी आदेश असतात. त्यामुळे प्रत्येकाने आधी आपल्या आस्थापनेची ती पुस्तिका पाहावी. कपाटात असते, फक्त कुणी उघडत नाही.

एका उदाहरणावर हिशोब मांडू. समजा एका कामगाराचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 24,000 रुपये होतात. त्याला 1 जानेवारीला निलंबित केलं. चार्जशीट आली 20 फेब्रुवारीला. पुष्कळ ठिकाणी दिवस चार्जशीटपासून मोजायला सुरुवात करतात, आणि इथेच पहिली चूक होते. घड्याळ सुरू होतं निलंबनाच्या तारखेपासून. 90 दिवस 31 मार्चला संपले. 1 एप्रिलपासून भत्ता 12,000 वरून 18,000 व्हायला हवा, आणि तो कामगाराने अर्ज केला म्हणून नव्हे तर कायद्याने आपोआप. चौकशी ऑक्टोबरअखेर संपली असं धरू. पहिल्या तीन महिन्यांचे 36,000, पुढच्या सात महिन्यांचे 1,26,000, एकूण 1,62,000 रुपये. जर कार्यालयाने शेवटपर्यंत निम्माच दिला असेल तर 1,20,000 पोचले, म्हणजे 42,000 थकले. ही थकबाकी कामगाराच्या लक्षात बहुधा येत नाही, कारण दरमहा काहीतरी येत असतं आणि काहीतरी येत असताना भांडावंसं वाटत नाही.

हाच माणूस महाराष्ट्रात, म्हणजे नागपूरच्या हिंगण्यात किंवा बुटीबोरीत असता तर? महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तिसरी पायरी होती. पहिले 90 दिवस निम्मं, पुढचे 90 दिवस पाऊण, आणि 180 दिवसांनंतरही चौकशी संपली नाही तर पूर्ण वेतन. त्याला 36,000 अधिक 54,000 अधिक 96,000, म्हणजे साधारण 1,86,000 मिळाले असते. इथल्यापेक्षा जवळपास एका पूर्ण महिन्याचा पगार जास्त. पण आकड्यापेक्षा त्यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. सहा महिन्यांनंतर पूर्ण पगार द्यायचा आणि काम मात्र घ्यायचं नाही, हे कोणत्याही मालकाला परवडत नाही. त्यामुळे चौकशी उरकायची घाई मालकाला होते. 75 टक्क्यांवर थांबणाऱ्या व्यवस्थेत ती घाई कुणालाच नसते. नव्या संहितेत चौकशी साधारणपणे 90 दिवसांत पुरी करावी असं लिहिलं आहे खरं, पण ती मुदत ओलांडली तर भत्ता पूर्ण होईल असं काही त्यात लिहिलेलं नाही. मुदत पाळायला लावणारा खरा दंड म्हणजे वाढता भत्ताच होता, असं माझं मत आहे.

इथल्या सभेत अधिकारी वर्गातले लोकही आहेत. त्यांना कामगारांसाठीचे हे दर लागू नाहीत. सार्वजनिक उपक्रमांच्या आचार, शिस्त व अपील नियमांत सुरुवातीला निम्मं, आणि सहा महिने उलटल्यावर सक्षम अधिकारी ते 75 टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो किंवा विलंब तुमच्यामुळे असेल तर 25 टक्क्यांपर्यंत उतरवू शकतो, अशी रचना असते. म्हणजे वाढ आपोआप नाही. सहा महिने झाले की फेरविचाराचा अर्ज स्वतः करावा लागतो.

विलंब कुणाचा, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे, आणि त्याचा पुरावा चौकशीच्या रोजच्या कार्यवृत्तातच असतो. प्रत्येक तारखेला एक पान लिहिलं जातं, कोण हजर, काय झालं, पुढची तारीख का पडली. त्याखाली कामगाराची सही असते. आमच्या उदाहरणातल्या कामगाराने मदतनीस सहकारी रजेवर म्हणून एकदा पंधरा दिवसांची तारीख मागितली, आणि व्यवस्थापनाचा साक्षीदार तीन महिने आलाच नाही. कार्यवृत्तात मात्र दोन्हींकडे एकच वाक्य असतं, ‘चौकशी तहकूब’. वर्षभराने ते पान वाचणाऱ्याला कळत नाही तहकुबी कुणी मागितली. सही करण्याआधी ‘व्यवस्थापनाचा साक्षीदार गैरहजर असल्यामुळे’ हे शब्द घालून घ्या. चौकशी अधिकारी नाही म्हणाला तर सहीखाली तेवढं स्वतःच्या हाताने लिहा. एखादी वाजवी तारीख मागितल्याने वाढीव दर जात नाही. महाराष्ट्राच्या आदेशांत तर विलंब कामगारामुळे झाला असा चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष असेल तरच भत्ता पुन्हा निम्म्यावर आणता येत असे. लेखा विभागातल्या कुणीतरी मनाने ठरवायची ती गोष्ट नव्हे.

भत्ता अडवण्याची आणखी एक ओळखीची जागा म्हणजे प्रमाणपत्र. या काळात मी दुसरीकडे नोकरी किंवा धंदा करत नाही, असं निलंबित माणसाने लिहून द्यायचं असतं. अट रास्त आहे. दुसरीकडे पगार घेत असाल तर भत्ता मागता येत नाही. पण व्यवहारात काय होतं? प्रमाणपत्र लागतं हे कुणी सांगत नाही, सहा महिने भत्ता दिला जात नाही, आणि तक्रार केली की उत्तर येतं, तुम्ही प्रमाणपत्र कुठे दिलंत? जगदंबा प्रसाद शुक्ल यांच्या 2000 सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हीच सबब आली होती. प्रमाणपत्र मागणारं पत्र दाखवता आलं नाही, तेव्हा ती टिकली नाही. भत्ता ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असं न्यायालयाने तिथे म्हटलं. तरी माझा सल्ला असा, की कुणी मागायची वाट पाहू नका. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक कागद देऊन टाका. आणि ईएसआयच्या कक्षेत असाल तर हेही लक्षात ठेवा, की निर्वाह भत्ता हा त्या कायद्यापुरता वेतनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ठरवलं आहे. त्यावर वर्गणी कापली जाते म्हणून कुरकुर करू नका, त्या वर्गणीवर घरच्यांचा दवाखाना चालू राहतो.

एक मराठी प्रकरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1959 च्या मुंबई नागरी सेवा नियमांतल्या नियम 151 ला जोडलेलं एक परंतुक होतं. निलंबित कर्मचाऱ्याला खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, की अपील चालू असलं तरी त्याचा निर्वाह भत्ता महिन्याला एक रुपया. होय, एक रुपया. चंद्रभान ताले यांच्या प्रकरणात हा नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1983 साली तो घटनाबाह्य ठरला. सरकारची बाजू अशी, की दोषी ठरलेल्याला पोसायचं का? न्यायालयाची बाजू अशी, की अपील चालू आहे, त्यातून तो सुटू शकतो, आणि तोवर त्याने अपील लढायचं आणि जगायचं कशावर? तो एक रुपया मंजूर करायला, बिल करायला आणि वाटायला सरकारी कचेरीत किती रुपये खर्च होत असतील, याचा हिशोब मात्र निकालात नाही. ती माझी पुस्ती.

चौकशी संपल्यावर काय? निर्दोष ठरलात तर निलंबनाचा काळ कामावरचा काळ समजतात, आणि पूर्ण वेतनातून दिलेला भत्ता वजा करून उरलेली रक्कम मिळते. दोषी ठरून बडतर्फ झालात तर त्या काळाचं वेतन नाही, पण दिलेला भत्ता परत घेता येत नाही. आदर्श स्थायी आदेशांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं. अंतिम हिशोबातून भत्ता वळता करून घेतल्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि ती वसुली बेकायदा आहे.

या शहरात हा विषय बोलताना एका मोठ्या वर्गाला वगळता येत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला कुणी निलंबित करत नाही. त्याचा गेटपास काढून घेतात किंवा नवा करत नाहीत. आदेश नाही, चार्जशीट नाही, चौकशी नाही, म्हणून भत्ताही नाही. 1990 नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतून हजारो कामगार बाहेर काढले गेले, शंकर गुहा नियोगींची 28 सप्टेंबर 1991 ला इथेच हत्या झाली, आणि 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्टेशनात गोळीबार झाला. त्या लोकांना निलंबनाचे कागद मिळाले असते तर त्यांची चूल निदान निम्म्या पगारावर पेटली असती. गेटपास अडवणं हे खरं तर कामावरून दूर ठेवणंच आहे, पण ते सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर येऊन पडते. अशा माणसाने पास अडवल्याच्या दिवशीच ठेकेदाराला आणि मूळ मालकाला, मी कामाला हजर आहे, मला आत घेत नाहीत, असं स्पीड पोस्टाने कळवावं. भत्ता त्याने मिळणार नाही, पण पुढच्या दाव्याला तारीख मिळेल.

शेवटी एक विनंती. या सभागृहात पर्सोनेल आणि फायनान्समधून निवृत्त झालेले निदान पंधरा-वीस जण मला दिसताहेत. तुम्ही अशा भत्त्यांची बिलं आयुष्यभर केली आहेत. कुठल्या दिवशी 91 वा दिवस येतो, वेतनात काय धरायचं, थकबाकी किती, हे तुम्हाला दहा मिनिटांत काढता येतं, आणि निलंबित माणसाला ते सहा महिने उमगत नाही. तुमच्या सेक्टरमधल्या अशा माणसाकडे जा, त्याची निलंबनाची तारीख आणि शेवटची पगारस्लिप मागा, हिशोब एका कागदावर मांडून द्या, आणि तो कागद चौकशीच्या पुढच्या तारखेच्या आधी कार्यालयात पोच घेऊन देण्यासाठी त्याच्याबरोबर जा.